लेखांच्या जोरावर सेवेचे पान वर येते ते कसे

सल्लागार संस्थेच्या संकेतस्थळावर साधारणपणे दोन प्रकारची पाने असतात. एक, सेवेची पाने. ट्रेडमार्क नोंदणी, कंपनी स्थापना, जीएसटी विवरणपत्रे अशा कामांची माहिती, खर्च आणि चौकशीचा अर्ज त्यांवर असतो. दुसरी, लेखांची पाने. त्यांत लोकांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे दिलेली असतात. संस्थेला काम मिळते ते पहिल्या प्रकारच्या पानांवरून, पण गूगलवरून वाचक येतात ते बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या पानांवर. बाहेरच्या संकेतस्थळांनाही दुवा द्यावासा वाटतो तो चांगल्या लेखाचा. एखादी व्यापारी संघटना आपल्या सभासदांना ‘ट्रेडमार्कचे 45 वर्ग कोणते’ हा लेख वाचायला सांगेल, पण एखाद्या सल्लागाराच्या जाहिरातवजा पानाची लिंक सहसा देणार नाही. त्यामुळे लेखांकडे वाचक आणि वजन दोन्ही जमते आणि सेवेचे पान मागे राहते. लेखांकडे जमलेले हे वजन सेवेच्या पानापर्यंत नेण्याचा हातातला मार्ग म्हणजे संकेतस्थळाच्या आतल्या लिंक, म्हणजेच अंतर्गत लिंक.

लिंकमधून वजन पुढे जाते ही कल्पना गूगलच्या जन्माइतकी जुनी आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना 1998 मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीत प्रत्येक पानाला एक मूल्य असते आणि ते मूल्य त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या लिंकांमध्ये वाटले जाते. त्यांनी वापरलेला गुणक सहसा 0.85 होता. एखाद्या लेखाचे मूल्य 100 धरले तर त्यातले 85 पुढे जाते. त्या लेखात 17 लिंक असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला 5 येतात, आणि 85 लिंक असतील तर फक्त 1. आजचे गूगल या एका सूत्रावर चालत नाही, क्रम ठरवताना इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात. तरीही या हिशेबातली एक गोष्ट आजही उपयोगी आहे: लेखाखाली ‘हेही वाचा’ म्हणून तीस-चाळीस लेखांची यादी लावली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते, आणि सेवेचे पान त्या गर्दीतले एक होऊन बसते.

इथे एक शंका हमखास निघते. सेवेच्या पानाची लिंक वरच्या मेनूत असतेच आणि मेनू प्रत्येक पानावर दिसतो. मग प्रत्येक लेखातून सेवेच्या पानाला लिंक आधीच मिळालेली आहे, आणखी कशाला? शंका रास्त आहे, आणि तिच्या उत्तरातच या पद्धतीचे मर्म आहे. मेनूतली लिंक संस्थेच्या सगळ्या सेवांना सारखीच मिळते, त्यामुळे कोणता लेख कोणत्या सेवेशी जोडलेला आहे हे तिच्यातून कळत नाही. शिवाय सगळ्या लिंक सारख्या धरल्या जात नाहीत. गूगलने 2004 मध्ये अर्ज केलेल्या आणि 2010 मध्ये मिळालेल्या एका पेटंटमध्ये असे मांडले आहे की वाचक जी लिंक दाबण्याची शक्यता जास्त, तिला जास्त वजन द्यावे. लिंक पानावर कुठे आहे, किती ठळक आहे, तिचे शब्द काय आहेत, यांवरून ही शक्यता अजमावता येते. परिच्छेदाच्या मध्यात, विषय ऐन रंगात असताना आलेली लिंक आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ठेवलेली लिंक यांत म्हणूनच फरक पडतो.

एका विषयावरचे लेख एका मुख्य पानाभोवती बांधण्याच्या पद्धतीला टॉपिक क्लस्टर म्हणतात. हबस्पॉट या कंपनीने 2017 च्या सुमारास ही पद्धत लोकप्रिय केली. मध्ये विषयाचे मुख्य पान, भोवती एकेका उपप्रश्नावरचे लेख, प्रत्येक लेखातून मुख्य पानाला लिंक आणि मुख्य पानावरून लेखांना लिंक, अशी तिची रचना असते. त्याआधी, 2013 मध्ये, गूगलने हमिंगबर्ड नावाचा बदल केला होता आणि शोधातल्या सुट्या शब्दांपेक्षा पूर्ण प्रश्नाचा अर्थ लावण्याकडे कल वाढला होता. एकाच सेवेसाठी शब्द थोडे थोडे बदलून वीस पाने काढण्याची जुनी रीत त्यामुळे निरुपयोगी होत गेली. क्लस्टर ही बाजारातून आलेली कामाची पद्धत आहे, गूगलचा नियम नव्हे. गट केला म्हणून आपोआप गुण मिळत नाहीत. फायदा होतो तो लेख खरोखर एका विषयाचे असतात आणि लिंक योग्य जागी असतात तेव्हा.

हे उदाहरणाने पाहू. पुण्यातली एक संस्था ट्रेडमार्कची कामे करते, असे समजू. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातल्या चुका नेहमी आढळणाऱ्या आहेत. संस्थेची या विषयातली सेवेची पाने दोन: ‘ट्रेडमार्क नोंदणी’ आणि ‘ट्रेडमार्क आक्षेपाला उत्तर’. लेख नऊ. वस्तू आणि सेवांचे 45 वर्ग, नाव आधीच कोणी घेतले आहे का हे शोधण्याची रीत, ™ आणि ® यांतला फरक, अर्जाचे शुल्क, तपासणी अहवालातले आक्षेप, जर्नलमध्ये प्रसिद्धीनंतर होणारा विरोध, दहा वर्षांनंतरचे नूतनीकरण, चिन्ह दुसऱ्याच्या नावे करणे, आणि ‘ट्रेडमार्क नोंदणी: संपूर्ण माहिती’ नावाचा एक लांबलचक लेख. वाचक बऱ्यापैकी येतात, पण ‘पुण्यात ट्रेडमार्क नोंदणी’ असे शोधल्यावर सेवेचे पान चौथ्या-पाचव्या पानावर सापडते.

पहिली पायरी म्हणजे आहे त्या लिंकांची मोजदाद. स्क्रीमिंग फ्रॉग नावाचे सॉफ्टवेअर संकेतस्थळ पानापानाने चाळते आणि कोणत्या पानाला कुठून, कोणत्या शब्दांत लिंक आली आहे याची यादी देते. 500 पत्त्यांपर्यंत ते मोफत वापरता येते, आणि लहान संस्थेला तेवढे पुरते. त्यातला Link Position हा रकाना महत्त्वाचा, कारण लिंक मेनूत आहे, तळपट्टीत आहे की मजकुरात, हे तो वेगळे करून दाखवतो. गूगलच्या सर्च कन्सोलमध्येही Links या भागात अंतर्गत लिंकांचे आकडे मिळतात, पण तिथे मेनूतल्या लिंकही मोजलेल्या असल्याने सेवेच्या पानाचा आकडा मोठा दिसतो आणि सगळे आलबेल असल्याचा समज होतो.

या उदाहरणात मोजदादीतून असे दिसते की नऊ लेखांपैकी एकाच्याही मजकुरातून सेवेच्या पानाला लिंक नाही. प्रत्येक लेखाच्या शेवटी ‘अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा’ हे वाक्य आहे आणि त्यातली लिंक जाते ‘संपर्क’ या पानाकडे. सल्लागारांच्या संकेतस्थळांवर ही चूक फार आढळते. सगळ्या लेखांचे वजन अशा पानाकडे जाते, ज्याला कशासाठीही वर यायचे नसते. त्यातच ‘इथे क्लिक करा’ या शब्दांवरून पुढच्या पानाचा विषय ना वाचकाला कळतो ना गूगलला. लिंकचा मजकूर, ज्याला या धंद्यात अँकर टेक्स्ट म्हणतात, हा पुढच्या पानाचा विषय ओळखण्याचा एक मोठा आधार असतो. तो असा वाया घालवणे परवडणारे नाही.

लिंक तांत्रिकदृष्ट्या खरी आहे का, हेही याच पायरीवर पाहिले जाते. गूगल ज्या लिंकांचा भरवशाने माग काढते त्या साध्या a खुणेतल्या आणि href असलेल्या असतात. अनेक तयार साच्यांत बटण दिसायला लिंकसारखे असते, दाबले की पानही उघडते, पण आत लिंक नसतेच:

```html
<span onclick="location.href='/trademark-nondani/'">ट्रेडमार्क नोंदणी</span>

<a href="/trademark-nondani/">ट्रेडमार्क नोंदणी</a>
```

यातली पहिली ओळ वाचकाच्या उपयोगाची आहे, पण गूगल ती लिंक म्हणून धरेल याची खात्री नाही. दुसरी ओळ दोघांच्याही उपयोगाची आहे.

दुसरी पायरी प्रत्येक लेखाचा धनी ठरवण्याची. एका साध्या तक्त्यात लेख, त्याचा वाचक कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्याला पुढे कोणत्या सेवेची गरज लागेल, एवढे तीन रकाने पुरतात. इथे घाईने सगळे लेख ‘ट्रेडमार्क नोंदणी’कडे वळवण्याचा मोह होतो, तो टाळावा. आक्षेपांवरचा लेख वाचणाऱ्याने अर्ज आधीच केलेला असतो. त्याच्या हातात तपासणी अहवाल आहे, ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 किंवा कलम 11 खाली आक्षेप निघाला आहे, आणि अहवाल मिळाल्यापासून उत्तर द्यायला त्याच्याकडे 30 दिवस आहेत. त्याला नव्या नोंदणीचे पान दाखवून उपयोग नाही, त्याची लिंक आक्षेपाच्या उत्तराच्या पानालाच जायला हवी. गरजेशी न जुळणारी लिंक वाचक दाबत नाही.

तिसरी पायरी वाक्यातली जागा शोधण्याची, आणि सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यावा. लेखात असा एक क्षण असतो जेव्हा वाचकाला जाणवते की हे काम आपल्या आपण होणारे नाही. वर्गांवरचा लेख घेऊ. कोल्हापूरचा मसाले विकणारा व्यापारी तो वाचतो आहे. मसाले वर्ग 30 मध्ये येतात, हे त्याला पहिल्या भागातच कळते. पुढे त्याला समजते की लोणची वर्ग 29 मध्ये आहेत आणि उद्या त्याच नावाने खानावळ काढली तर ती सेवा वर्ग 43 मध्ये जाईल. मग शुल्काचा मुद्दा येतो. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये आणि इतरांना 9,000 रुपये लागतात. चुकीचा वर्ग निवडला तर शुल्क वाया जाते आणि नावही सुरक्षित होत नाही. सल्ल्याची गरज निर्माण होते ती इथे. म्हणून लिंकही इथेच हवी, शेवटच्या परिच्छेदात नव्हे, कारण तिथपर्यंत अनेक वाचक पोचतच नाहीत. वाक्य असे होऊ शकते: ‘मसाले आणि लोणची दोन्ही विकणाऱ्याला दोन वर्गांत अर्ज करावा लागतो, आणि पुण्यातून ट्रेडमार्क नोंदणी करताना हा निर्णय अर्जाआधीच घ्यावा लागतो.’ यातले ‘पुण्यातून ट्रेडमार्क नोंदणी’ हे शब्द लिंकचे.

लिंकचे शब्द प्रत्येक लेखात तेच असावेत का? नसावेत. दुसऱ्या लेखात ‘ट्रेडमार्कसाठी अर्ज’, तिसऱ्यात ‘ब्रँडच्या नावाची नोंदणी’ असे त्या त्या वाक्यात बसणारे शब्द घ्यावेत. नऊच्या नऊ लेखांत एकच शब्दसमूह कोंबला की वाक्ये ओढूनताणून लिहिल्यासारखी वाटतात आणि वाचकाच्या ते लक्षात येते. एकच गोष्ट पाळावी: एका सेवेसाठीचे शब्द दुसऱ्या पानाला देऊ नयेत. ‘ट्रेडमार्क नोंदणी’ या शब्दांवरची लिंक कधी सेवेच्या पानाला, कधी लेखाला आणि कधी मुखपृष्ठाला गेली, तर या विषयाचे मुख्य पान कोणते हे गूगलला ठरवता येत नाही.

याच गोंधळाचे मोठे रूप म्हणजे ‘ट्रेडमार्क नोंदणी: संपूर्ण माहिती’ हा लेख. तो चांगल्या हेतूने लिहिलेला असतो, पण तो सेवेच्या पानाशीच स्पर्धा करतो. हे ओळखण्याची रीत सोपी आहे. सर्च कन्सोलच्या Performance अहवालात ‘ट्रेडमार्क नोंदणी’ हा एकच शोध निवडावा आणि मग Pages हा भाग उघडावा. त्या एका शोधासाठी दोन पत्ते दिसत असतील, आणि तारखेनुसार कधी एक तर कधी दुसरा वर-खाली होत असेल, तर दोन्ही पाने एकमेकांचे पाय ओढत आहेत. या वेळी गूगलवर तोच शोध करून पहिली दहा उत्तरे पाहावीत. त्यांत बहुतेक सेवा देणाऱ्यांची पाने असतील तर तिथे लेख फार वर जाणार नाही, सेवेच्या पानालाच पुढे करायला हवे. बहुतेक माहितीपर लेख असतील तर त्या शोधासाठी लेखच ठेवावा आणि सेवेच्या पानाने ‘पुण्यात’, ‘खर्च’, ‘सल्लागार’ असे शब्द असलेल्या शोधांवर भर द्यावा.

आपल्या उदाहरणात पहिली स्थिती आहे. तेव्हा त्या लांब लेखातला उपयोगी भाग, म्हणजे लागणारी कागदपत्रे, अर्जाचे टप्पे, चार महिन्यांची विरोधाची मुदत, हे सगळे सेवेच्या पानावर आणावे आणि लेखाचा जुना पत्ता 301 पुनर्निर्देशनाने सेवेच्या पानाकडे वळवावा. लेखाला बाहेरून मिळालेल्या लिंकही त्यामुळे सेवेच्या पानाच्या कामी येतात. मात्र मजकूर न आणता नुसता पत्ता वळवला तर वाचक भलत्याच पानावर येऊन पडतो आणि परत जातो. गूगलही असा वळवलेला पत्ता कधी कधी ‘पान नाही’ असाच धरते.

आता उलट्या दिशेच्या लिंका. सेवेच्या पानावरून उरलेल्या आठही लेखांना लिंक द्यावी, पण यादीच्या स्वरूपात नको. ‘कोणत्या वर्गात अर्ज करायचा?’ या प्रश्नाखाली दोन ओळींचे उत्तर आणि वर्गांच्या लेखाची लिंक, ‘आक्षेप आला तर?’ याखाली तशीच लिंक, ही मांडणी बरी. तिचा आणखी एक उपयोग असतो. जुने लेख यादीच्या सहाव्या-सातव्या पानावर गेले की तिथे पोचायला मुखपृष्ठापासून सात-आठ क्लिक लागतात, आणि काहींना तर कुठूनच लिंक उरत नाही. अशी पोरकी पाने गूगलकडून क्वचित तपासली जातात. मेनूत असलेल्या सेवेच्या पानावरून लिंक मिळाली की ती मुखपृष्ठापासून दोन क्लिकवर येतात. लेखांनी एकमेकांना लिंक द्यावी ती गरज असेल तेव्हा. ™ आणि ® च्या लेखात नोंदणी होण्याआधी ® वापरता येत नाही हे सांगताना शोधाच्या लेखाची लिंक नैसर्गिक वाटते, नूतनीकरणाच्या लेखाची वाटत नाही. काही जण एका गटातून दुसऱ्या गटात लिंक जाऊच द्यायची नाही असा कडक नियम करतात. त्याची गरज नाही. कंपनी स्थापनेच्या लेखात कंपनीच्या नावाबरोबर ब्रँडचे नाव राखण्याचा मुद्दा आला तर ट्रेडमार्कच्या पानाची लिंक तिथे द्यायलाच हवी.

एक जुनी युक्ती अजूनही सांगितली जाते: ‘संपर्क’, ‘गोपनीयता धोरण’ अशा पानांच्या लिंकांना nofollow लावायचे, म्हणजे त्यांचा वाटा सेवेच्या पानाला मिळेल. गूगलने 2009 मध्येच स्पष्ट केले की असे होत नाही. त्या लिंकचा वाटा इतरांकडे न जाता नुसताच जातो. त्यापेक्षा नको असलेल्या लिंक काढून टाकणे बरे.

परिणाम मोजताना उतावळेपणा नडतो. गूगलने बदललेले लेख पुन्हा वाचायला हवेत, आणि लहान संकेतस्थळावर याला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून बदलाची तारीख लिहून ठेवावी आणि सर्च कन्सोलमध्ये आधीचे तीन महिने व नंतरचे तीन महिने अशी तुलना करावी. पाहायचे ते सेवेच्या पानाचे आकडे, संपूर्ण संकेतस्थळाचे नव्हेत. आधी वाढतात ते दर्शन, म्हणजे पान शोधाच्या निकालात किती वेळा दिसले त्याचा आकडा, मग सरासरी क्रम सुधारतो, क्लिक सर्वांत शेवटी. संस्थेच्या दोन-तीन सेवा असतील तर आधी एकाच सेवेच्या लेखांत बदल करावेत आणि दुसऱ्या सेवेचे लेख तसेच ठेवावेत. दोन्ही सेवांची पाने सारखीच वर गेली तर श्रेय लिंकांचे नसून मोसमाचे किंवा गूगलच्या एखाद्या बदलाचे आहे, हे त्यावरून कळते.

या पद्धतीच्या मर्यादाही ठळक आहेत. नुसत्या ‘ट्रेडमार्क नोंदणी’ या शोधावर देशभर काम करणाऱ्या मोठ्या कंपन्यांची पाने बसलेली आहेत, आणि नऊ लेखांच्या लिंकांनी त्यांना हलवता येत नाही. शहराचे नाव असलेले किंवा विशिष्ट व्यवसायाचे शोध मात्र आवाक्यात असतात. नकाशासह दिसणारी स्थानिक निकालांची चौकट मुख्यतः संस्थेची गूगलवरची व्यवसाय नोंद, अंतर आणि ग्राहकांचे अभिप्राय यांवर चालते, तिथे अंतर्गत लिंकांचा प्रभाव थोडाच. आणि सेवेच्या पानावर ‘आम्ही उत्तम सेवा देतो’ याखेरीज काही नसेल, शुल्क, कागदपत्रे, मुदती यांचा पत्ताच नसेल, तर कितीही लिंक दिल्या तरी ते पान टिकत नाही.

वेळ थोडा असलेल्या संस्थेने सगळे संकेतस्थळ एकदम हाती घेऊ नये. सर्च कन्सोलमधून सर्वाधिक वाचले जाणारे दहा लेख काढावेत, प्रत्येकात सल्ल्याची गरज निर्माण होते ते वाक्य शोधावे आणि तिथे योग्य सेवेच्या पानाची एक स्पष्ट लिंक घालावी. एवढे काम एका दुपारात होते आणि सर्वांत मोठा फरक बहुधा त्यानेच पडतो.